काकूंचा हरवलेला पीस

आमच्या शेजारच्या काकू रविवारी उपासनेत कीबोर्ड वाजवतात. लहानपणी त्या पियानो शिकल्या, ग्रेडच्या परीक्षा दिल्या आणि तिसऱ्या ग्रेडनंतर थांबल्या. त्यांची सगळी जुनी पुस्तकं कारेलीबागेतल्या घराच्या तळमजल्यावर, कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर होती. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं आणि दोन दिवसांनी ओसरलं, तेव्हा त्या फळीवर फक्त लगदा उरला होता. भांडीकुंडी, गाद्या, फ्रिज यांचं दुःख काकूंनी महिन्याभरात मागे टाकलं. एक गोष्ट मात्र मनातून जाईना.

"अगं, त्यात माझा एक पीस होता," त्या मला म्हणाल्या. "तेवढा परत मिळाला ना, तर नातीला शिकवेन. नाव आठवत नाही. ग्रेडच्या पुस्तकात होता, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या. नावात काहीतरी अरबस्तानासारखं होतं."

एवढं बोलून त्यांनी चाल गुणगुणली. पाच स्वर, थोडं थांबणं, पुन्हा पाच स्वर. मग म्हणाल्या, "बस, पुढचं हाताला माहीत आहे, तोंडाला नाही."

मी स्वतः पाचव्या ग्रेडपर्यंत पियानो शिकले आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. माझ्याआधी कुणीतरी त्यांना सांगून झालं होतं की "अरबस्तान" म्हणजे देब्युसीचं 'अराबेस्क'. काकूंनी ते ऑनलाइन मागवलं. पार्सल उघडलं तर पानावर चार शार्प, उजव्या हातात तीन-तीन स्वरांचे झोके आणि डाव्या हातात दोन-दोनचे. काकू म्हणाल्या, "मी बारा वर्षांची असताना हे वाजवलं? शक्यच नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला वाटतं या शोधातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या एका वाक्यात आहे. चाल आठवत असेल तर आपण चालीच्याच मागे लागतो. नाव अर्धवट आठवत असेल तर नावाच्या मागे. पण परीक्षेच्या पुस्तकातला पीस शोधताना आपल्याजवळ तिसरा पुरावाही असतो, तो म्हणजे पीस किती अवघड होता. चाल आणि नाव अनेक पीसना लागू पडतात. त्यांतले बहुतेक वगळायचं काम हा तिसरा पुरावा करतो.

आधी चाल कागदावर

गुणगुणलेली चाल शोधायची तर ती आधी लिहावी लागते. काकू कोणत्या पट्टीत गुणगुणतात याला काही अर्थ नाही, कारण कुणीही आपल्या गळ्याला सोयीच्या स्वरापासून सुरू करतो. म्हणून मूळ पट्टी विसरायची आणि फक्त स्वरांची एकमेकांशी असलेली नाती टिपायची. आपली सरगम नेमकं हेच करते. बडोद्यात तर ही सवय जुनी आहे. 1886 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली आणि मुलांना शिकवण्यासाठी चाली सरगमच्या अक्षरांत कागदावर उतरवल्या. मीही तेच केलं.

काकूंचे पहिले पाच स्वर होते सा रे ग रे सा, आणि पुढचे पाच सा रे ग म प. ऐकताना ग कोमल लागत होता. इथे एक चूक सहज होते. आपण सा कुठे धरतो त्यावर सगळं लिखाण अवलंबून असतं. हीच चाल कुणी ध नि सा नि ध अशीही लिहील, आणि मग ती वेगळीच दिसेल. म्हणून मी काकूंना म्हटलं, "शेवट आठवतो का? नुसता शेवटचा स्वर." त्यांनी जो स्वर काढला तो पहिल्याच स्वराशी जुळला. चाल जिथे सुरू झाली तिथेच विसावते, म्हणून तोच सा. आणि ग कोमल आहे, म्हणून पीस मायनरमधला. एवढं पक्कं झालं.

स्वरांइतक्याच मात्राही लिहाव्या लागतात. लोक मात्रा सोडून देतात आणि तिथेच फसतात. याचं प्रसिद्ध उदाहरण जवळजवळ प्रत्येक पियानो शिकणाऱ्याने वाजवलेलं असतं: जी मेजरमधला तो छोटा मिनुएट, प सारेगम प सा सा, पुढे ध मपधनि सां सा सा. मिनुएट हा नाच तीन मात्रांचा. पण 1965 मध्ये अमेरिकेतल्या 'द टॉइज' या गटाने याच चालीवर 'अ लव्हर्स कॉन्चेर्टो' हे गाणं केलं आणि ते चार मात्रांत बसवलं. ज्याच्या कानात ते गाणं आहे तो मिनुएट गुणगुणतानाही चार मात्रा मोजतो. स्वर तेच, पण मात्रा चुकल्यामुळे शोध भलतीकडे जातो. म्हणून मी काकूंना गुणगुणताना टेबलावर बोटाने ठेका धरायला लावला. ठेका सरळ दोनाचा निघाला. पहिल्या मात्रेत भरभर चार स्वर, दुसऱ्या मात्रेच्या सुरुवातीला पाचवा स्वर, आणि मग श्वास घ्यायला जागा.

दहा स्वरांची खूण

चाल शोधण्याची एक गमतीशीर सोपी पद्धत डेनिस पार्सन्स यांनी 1975 साली एका पुस्तकात मांडली. स्वर कोणता हे विसरा, फक्त आधीच्या स्वरापेक्षा तो वर गेला, खाली आला की तोच राहिला एवढंच लिहा. वर म्हणजे U, खाली म्हणजे D, तोच म्हणजे R. पहिल्या स्वराला तुलना करायला काही नसतं, म्हणून तिथे फुली. काकूंचे दहा स्वर असे झाले:

```
*UUDDRUUUU
```

ज्याला कोमल-शुद्ध ओळखता येत नाही त्यालाही हे जमतं, हा या पद्धतीचा मोठा गुण. पार्सन्स यांच्या पुस्तकात चाली याच अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. पण काकूंच्या चालीपुढे ही पद्धत तोकडी पडते, आणि का पडते ते बघण्यासारखं आहे. त्यांची चाल म्हणजे शिडीसारखी चढती सरगम. मुलांसाठी लिहिलेल्या पीसमध्ये अशा शिड्या पावलोपावली असतात, कारण बोटं एकामागून एक पडायला शिकवणं हाच त्यांचा हेतू असतो. त्यामुळे ही खूण असंख्य पीसना जुळते. चालीत मोठी उडी असेल, उदाहरणार्थ मिनुएटमधल्या प वरून सा ला येण्यासारखी, तर दहा स्वर खूप काही सांगून जातात. नुसती शिडी असेल तर फारसं नाही. म्हणून मी चालीवर तिथेच थांबले आणि तिसऱ्या पुराव्याकडे वळले.

किती अवघड होतं, हे कसं विचारायचं

"अवघड होतं का हो?" असं विचारून काही मिळत नाही. बारा वर्षांच्या मुलीला जे अवघड वाटलं ते आज सोपं वाटेल, किंवा उलटही. म्हणून भावना विचारायची नाही, हात विचारायचा. मी काकूंना तीन गोष्टी विचारल्या.

पहिली: हात किती ताणावा लागत होता? पियानोवर एका सा पासून पुढच्या सा पर्यंत, म्हणजे आठ पांढऱ्या पट्ट्यांवर, अंगठा आणि करंगळी एकाच वेळी ठेवायला लहान हाताला कष्ट पडतात. खालच्या ग्रेडच्या पीसमध्ये असा ताण कमी असतो. काकू म्हणाल्या, "नाही, हात एका जागी ठेवून पाच बोटांनी वाजायचं. मग पूर्ण हात उचलून दुसरीकडे."

दुसरी: काळ्या पट्ट्या किती होत्या? ओळीच्या सुरुवातीला शार्प किंवा फ्लॅटच्या खुणा होत्या का? काकूंना अगदी स्पष्ट आठवलं. सुरुवातीला काही खुणा नव्हत्या, आणि सुरुवातीची धाव सगळी पांढऱ्या पट्ट्यांवर होती. इथे चालीचा आणि हाताचा पुरावा एकत्र आला. मायनर आहे आणि खुणा नाहीत, म्हणजे ए मायनर. आता मूळ पट्टीही कळली: ए बी सी बी ए, ए बी सी डी ई.

तिसरी: उजवा हात धावत असताना डावा काय करत होता? काकूंनी टेबलावर डावा हात आपटून दाखवला. छोटे, तुटक कॉर्ड, ठेक्यासारखे. आणि हो, उजवा हात सुरू होण्याआधी डावा एकटाच थोडा वेळ तसं वाजवायचा.

या तीन उत्तरांवरून पातळीचा अंदाज बांधता येतो. एकेक बोटाने सावकाश वाजणारा पीस असता तर पहिला ग्रेड म्हटलं असतं. इथे धाव भरभर आहे, डाव्या हातात कॉर्ड आहेत, पण हात एका जागी आहे, ताण नाही, आणि एका हातात दोन वेगळ्या ओळी सांभाळायच्या नाहीत. हे दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या आसपासचं काम. देब्युसीचं पहिलं 'अराबेस्क', ई मेजरमधलं, सातव्या-आठव्या ग्रेडच्या जवळ जातं. नाव जुळलं तरी ते इथे बाद होतं. याच नावाची शुमानची एक प्रसिद्ध रचना आहे, 1839 ची, ओपस 18. ती सी मेजरमध्ये आणि तीही खूप वरच्या पातळीची. म्हणून तीही बाद.

या ठिकाणी एक सावधगिरी हवी. ग्रेड हा पीसला चिकटलेला कायमचा आकडा नाही. लंडनचं असोसिएटेड बोर्ड असो की ट्रिनिटी, प्रत्येक मंडळ आपापली यादी करतं आणि ठरावीक वर्षांनी ती बदलतं. तोच पीस एका यादीत एका ग्रेडला आणि दुसऱ्या यादीत पुढच्या ग्रेडला येऊ शकतो. म्हणून अंदाजाच्या दोन्ही बाजूंना एक-एक ग्रेड मोकळा ठेवायचा. दोन ग्रेडचा फरक पडला तर शंका घ्यायची, आणि काकूंच्या देब्युसीसारखा चार-पाच ग्रेडचा फरक असेल तर तो पीस सरळ सोडून द्यायचा.

एका प्रसंगात मात्र हा पुरावा उलटतो. पुस्तकातला पीस सोपा करून लिहिलेला असला, तर पातळीवरून मूळ रचनेबद्दल काही कळत नाही. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली चाल पहिल्या धड्यांच्या पुस्तकांतही सापडते, म्हणून काही ती सिंफनी सोपी होत नाही. अशा वेळी संगीतकाराच्या नावाखाली ती कुणी रूपांतरित केली हे बहुधा छापलेलं असतं. आठवणाऱ्याला म्हणून विचारावं, "वर उजवीकडे एक नाव होतं की दोन?" काकू म्हणाल्या, "एकच. लांबलचक, जर्मन वाटणारं."

साक्षीदाराला आधी ऐकवू नये

आता माझ्याजवळ पुरेसं होतं: ए मायनर, दोन मात्रा, आधी डाव्या हाताचे कॉर्ड, मग पाच-पाच स्वरांची धाव, तिसऱ्या ग्रेडच्या आसपास, अरबस्तानासारखं नाव, जर्मन वाटणारा संगीतकार. मुलांसाठीच्या अभ्यास-पीसमध्ये हे वर्णन फ्रीड्रिश बुर्गम्युलर यांच्या 'अराबेस्क'ला बसतं. बुर्गम्युलर 1806 मध्ये जर्मनीत रेगेन्सबुर्गला जन्मले, पुढे पॅरिसला स्थायिक झाले आणि 1874 मध्ये वारले. त्यांच्या ओपस 100 मध्ये 25 सोपे अभ्यास आहेत, आणि ते लहान हातांच्या पसाऱ्याला झेपतील असे लिहिल्याचं मूळ शीर्षकातच म्हटलेलं आहे. काकूंच्या "ताण नव्हता" या उत्तराचं कारण तिथेच सापडतं. 'अराबेस्क' त्यातला दुसरा. दुसरा क्रमांक म्हणजे दुसरा ग्रेड असं मात्र समजू नये. तो क्रमांक फक्त त्या पुस्तकातला आहे.

ओपस 100 ची जुनी छापील पानं IMSLP या संकेतस्थळावर मोफत बघता येतात, त्यामुळे पुन्हा पार्सल मागवायची गरज नव्हती. पान उघडलं. पहिल्या दोन मापांत डाव्या हाताचे कॉर्ड, तिसऱ्या मापात ए बी सी बी ए.

मला लगेच काकूंना वाजवून दाखवायचा मोह झाला, पण तो आवरला. कारण तीस-चाळीस वर्षांपूर्वीची आठवण फार मऊ असते. एकदा ऐकवलं की ऐकलेलं आणि आठवलेलं यांची सरमिसळ होते, आणि मग माणूस जवळपास कशालाही "हो हो, हेच!" म्हणतो. म्हणून न ऐकवता अशा जागेबद्दल विचारायचं, जी त्यांनी गुणगुणलेल्या भागात नव्हती. मी फोन केला आणि एवढंच विचारलं, "काकू, मधे काही वेगळं होतं का?"

थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मधे सगळं उलटं व्हायचं. धाव डाव्या हाताकडे जायची आणि उजवा नुसते कॉर्ड मारायचा. तिथेच मी अडायचे. बाई म्हणायच्या, डावा हात आळशी आहे तुझा."

माझ्यासमोरच्या पानावर मधल्या भागात नेमकं तेच होतं. तिथे पीस सापडला. पहिले दहा स्वर जुळणं योगायोग असू शकतो. न सांगितलेली मधली जागा जुळली की योगायोगाला फारशी जागा उरत नाही. या पीसची पातळीही त्याच जागेवरून ठरते, कारण उजव्या हाताची धाव कुणालाही आठवड्यात येते, डाव्याची येत नाही.

छापलेल्या नावावर किती विसंबायचं

शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुस्तकात जे नाव छापलेलं आठवतं, ते नव्या पुस्तकात तसंच असेल याची खात्री नाही. वर सांगितलेला जी मेजरचा मिनुएट योहान सेबास्टियन बाखच्या पत्नीच्या, आना माग्दालेनाच्या, 1725 च्या वहीत सापडतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो बाखच्या नावावर छापला गेला. 1970 च्या दशकात संशोधकांनी दाखवून दिलं की तो ड्रेस्डेनचे ऑर्गनवादक क्रिस्टियान पेटझोल्ड यांचा आहे. आज जुन्या पुस्तकात "बाख" आणि नव्यात "पेटझोल्ड" दिसतं, आणि आठवणारा माणूस नव्या पुस्तकावरून नजर फिरवून पुढे जातो. नाव जुळलं नाही तरी पहिली दोन मापं वाचून बघावीत.

परीक्षेचा नव्हताच

संध्याकाळी मी पानं छापून काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ बघितली आणि न बोलता वाजवायला बसल्या. सुरुवात जमली. मधल्या भागात डावा हात अडला, अगदी ठरलेल्या जागी. हसल्या आणि पुन्हा सुरू केलं.

वाजवून झाल्यावर त्यांना एक गोष्ट आठवली, जी आधी कुठल्याच प्रश्नाला आली नव्हती. "हा परीक्षेचा पीस नव्हताच गं. दुसऱ्या ग्रेडचा निकाल लागला, तेव्हा बाईंनी बक्षीस म्हणून दिला होता. स्वतःच्या पुस्तकातून उतरवून, हाताने लिहून. मी तो परीक्षेच्या पुस्तकात घालून ठेवला, म्हणून मला वाटायचं त्यातलाच आहे."

म्हणजे मी त्या वर्षांच्या परीक्षेच्या याद्या शोधत बसले असते, तर बरोबर वर्ष आणि बरोबर ग्रेड सापडूनही पीस सापडला नसता. पुस्तकाची आठवण चुकली होती. चाल, ठेका आणि हाताची आठवण मात्र चुकली नव्हती. दुसरा झाला आणि तिसरा यायचा होता, त्या मधल्या महिन्यांत दिलेला पीस. पातळीचा अंदाज तिथेच येऊन थांबतो.

काकूंनी पेन्सिल घेतली आणि छापील पानाच्या वरच्या कोपऱ्यात बाईंचं नाव लिहिलं. मग पानं फोल्डरमध्ये घातली आणि स्टुलावर चढून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.